कोणते कोसंबी? आडनाव आणि आद्याक्षरं सारखी असताना

प्रबंध आणि संशोधनपर पुस्तकं छापायला जाण्याआधी त्यांतले संदर्भ तपासणं हे माझं काम. मजकुरात कंसात दिलेलं नाव आणि साल शेवटच्या संदर्भसूचीतल्या नेमक्या नोंदीशी जुळतं का, ते पाहायचं. दोन लेखकांचं आडनाव एक आणि आद्याक्षरं वेगळी असली तर फारसं अडत नाही. आडनावाआधी आद्याक्षर लावलं की भागतं. आडनावही तेच आणि आद्याक्षरंही तीच असली, की हा उपाय संपतो. प्राचीन भारताच्या इतिहासावरचं लेखन तपासताना ही अडचण हमखास येते ती कोसंबी पितापुत्रांमुळे. त्यांचंच उदाहरण धरून, या कामात जे हाती लागलं ते इथे क्रमाने सांगते.

1. आधी माणूस ठरवावा, मग नोंद लिहावी

वडील धर्मानंद दामोदर कोसंबी, 1876 ते 1947. गोव्यातल्या साखवाळचे, पाली भाषेचे आणि बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. मुलगा दामोदर धर्मानंद कोसंबी, 1907 ते 1966. मूळचे गणिती, पुढे नाणी, संस्कृत सुभाषितं आणि प्राचीन भारताचा इतिहास यांत मोठं काम केलेले. नातवाला आजोबांचं नाव ठेवायच्या आपल्याकडच्या पद्धतीमुळे वडिलांचं मधलं नाव ते मुलाचं पहिलं नाव झालं. देवनागरीत ध. दा. आणि दा. ध. असा फरक उरतो. रोमन लिपीत दोघंही डी. डी. कोसंबी होतात.

अशा वेळी विद्यार्थी साधारणपणे तीन गोष्टींवरून अंदाज बांधतात: विषय, संस्था आणि साल. या जोडीच्या बाबतीत तिन्ही दगा देतात. बौद्ध धर्मावर दोघांनीही लिहिलं आहे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वडील पाली शिकवत, पुढे मुलगा तिथेच गणित शिकवत असे. हार्वर्डला वडील ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी गेले होते, तर मुलाचं पदवीचं शिक्षण हार्वर्डमध्ये झालं.

सालाचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. हार्वर्ड ओरिएंटल सीरीज या ग्रंथमालेचा 41वा खंड म्हणजे ‘विसुद्धिमग्ग’. हेन्री क्लार्क वॉरन यांनी संपादित केलेली संहिता धर्मानंदांनी सुधारून सिद्ध केली आणि ती 1950 मध्ये प्रसिद्ध झाली. धर्मानंद 1947 मध्ये गेले, तेव्हा ‘1950 म्हणजे मुलगाच असणार’ असा तर्क कोणीही करील आणि तो चुकेल. त्याच मालेचा 42वा खंड ‘सुभाषितरत्नकोश’. तो 1957चा, संपादक दामोदर कोसंबी आणि वि. वि. गोखले. ग्रंथालयाच्या फळीवर हे दोन खंड शेजारीशेजारी असतात. कोसंबी आडनावाचा संबंध दोन्हींशी, पण माणसं वेगळी.

म्हणून मी विद्यार्थ्याला सांगते, की पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठामागचं शीर्षकपान उघडा आणि तिथलं नाव जसंच्या तसं उतरवा. मग प्रस्तावनेखालची सही आणि स्थळ पाहा. नियतकालिकातला लेख असेल तर लेखाच्या माथ्यावरचं नाव पाहा, दुसऱ्या कुणाच्या संदर्भसूचीतलं नाही. शंका उरलीच तर मोठ्या ग्रंथालयाच्या तालिकेत शोधा. तिथे सारख्या नावांच्या लेखकांपुढे पूर्ण नाव किंवा जन्ममृत्यूची सालं दिलेली असतात, कारण तालिका करणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडलेला असतो. हयात संशोधकांच्या बाबतीत ‘ऑर्किड’ हा सोळा अंकी ओळखक्रमांक उपयोगी पडतो. इतकं झालं, की प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने ‘वडील’ किंवा ‘मुलगा’ असं लिहायला लावते. ही खूण होईपर्यंत शैलीचा नियम उघडायचा नाही.

2. शैलीचा नियम कुठवर जातो, ते ओळखून असावं

मजकुरात कंसात संदर्भ देणाऱ्या तीन शैली आपल्याकडच्या विद्यापीठांत जास्त चालतात आणि तिन्हींचं उत्तर सारखं नाही.

एमएलए शैलीत आडनाव सारखं असेल तर कंसात पहिलं आद्याक्षर द्यायचं, आणि तेही सारखं असेल तर पूर्ण पहिलं नाव द्यायचं. सूचीत तर पूर्ण नावच असतं. त्यामुळे दामोदर आणि धर्मानंद आपोआप वेगळे होतात. शिकागो शैलीच्या नाव-साल पद्धतीतही असंच आहे. एका आद्याक्षराने भागलं नाही तर दोन, आणि त्यानेही भागलं नाही तर पहिलं नाव कंसात आणता येतं.

खरी अडचण एपीए शैलीत आहे, कारण तिच्या सूचीतच पहिलं नाव नसतं, फक्त आद्याक्षरं असतात. तिच्या सातव्या आवृत्तीचा नियम असा: पहिल्या लेखकांचं आडनाव सारखं आणि आद्याक्षरं वेगळी असतील, तर सालं वेगळी असली तरी प्रत्येक संदर्भात आद्याक्षरं द्यावीत. आडनाव आणि आद्याक्षरं दोन्ही सारखी असतील, तर नेहमीसारखं आडनाव आणि साल द्यावं. म्हणजे नेमक्या आपल्या अडचणीच्या जागी हा नियम वेगळी सोय देत नाही. त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे: सारखी आद्याक्षरं छापून वाचकाला नवं काहीच कळत नाही आणि नोंद शोधायला साल पुरतं.

याच शैलीच्या सहाव्या आवृत्तीत मात्र एक चांगली वाट होती. तिथलं उदाहरण फ्रान्समधल्या काका-पुतण्याचं होतं: तत्त्वज्ञ पॉल जाने आणि मानसशास्त्रज्ञ पिएर जाने. दोघांचं आद्याक्षर पी. सूचीत आद्याक्षरापुढे चौकटी कंसात पूर्ण नाव द्यायचं आणि मजकुरातही तेच नाव वापरायचं.

```
Janet, P. [Paul]. (1876).
Janet, P. [Pierre]. (1906).
```

ही रीत मला आजही सगळ्यांत उपयोगाची वाटते. पण ती वापरायची तर मार्गदर्शकाला किंवा संपादकाला आधी विचारून, कारण सातव्या आवृत्तीच्या काटेकोर मापाने ती नियमाबाहेर जाते.

कोसंबींच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. एपीएमध्ये नाव पुस्तकावर जसं असेल तसं घ्यायचं असतं. वडिलांच्या पुस्तकांवर बहुधा मधल्या नावाशिवाय ‘धर्मानंद कोसंबी’ असतं, तर मुलाच्या पुस्तकांवर ‘डी. डी. कोसंबी’. म्हणजे नियमाने वडील होतात ‘डी. कोसंबी’ आणि मुलगा ‘डी. डी. कोसंबी’. कागदावर आद्याक्षरं वेगळी झाली, नियम पाळला गेला. पण एका ‘डी.’चा फरक पाहून वाचक दोन माणसं ओळखत नाही. आळसाने एक अक्षर गळलं असेल, असंच त्याला वाटतं. शिवाय अनेक विद्यार्थी वडिलांचंही पूर्ण नाव माहीत असल्यामुळे ‘डी. डी.’ लिहून मोकळे होतात. नियमाप्रमाणे वेगळं आणि वाचकाला कळेल इतकं वेगळं, यांतलं दुसरं साधेपर्यंत काम संपत नाही.

3. संदर्भ सापडला म्हणजे समजला असं नाही

एका प्रबंधातला परिच्छेद साधारण असा होता: ‘शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून असलेलं भांडण हे सिद्धार्थाच्या गृहत्यागामागचं कारण होतं (कोसंबी, 1940). बौद्ध धर्माचा उदय मगधातली शेती, व्यापार आणि नवी राज्यव्यवस्था यांच्याशी जोडून पाहावा लागतो (कोसंबी, 1965).’

यात शैलीची चूक एकही नाही. दोन्ही सालं सूचीत आहेत, दोन्ही नोंदी सापडतात. तरीही वाचकाच्या मनात जे चित्र उभं राहतं ते खोटं आहे. त्याला वाटतं, कोसंबी नावाच्या एका विद्वानाने 1940 मध्ये पाली ग्रंथांतून एक कारण काढलं आणि पंचवीस वर्षांनी तो आर्थिक कारणांकडे वळला. एका माणसाच्या विचाराचा प्रवास म्हणून तो हे वाचतो. प्रत्यक्षात पहिलं मत धर्मानंदांचं, ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथातलं. चार दृश्यं पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही रूढ कथा बाजूला ठेवून त्यांनी पाली साहित्याच्या आधारे ते मांडलं. दुसरं मत त्यांच्या मुलाचं. प्राचीन भारताची संस्कृती आणि सभ्यता यांवरच्या त्याच्या इंग्रजी ग्रंथातलं, उत्पादनाची साधनं आणि समाजरचना यांवरून इतिहास मांडणाऱ्या माणसाचं. वडिलांनी ग्रंथांची चिकित्सा केली, मुलाने त्याच काळाकडे निराळ्या साधनांनी पाहिलं. हे नातं अभ्यासाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे आणि कंसातल्या एका आडनावाने ते पुसून टाकलं होतं.

इथला उपाय कंसात नव्हता, वाक्यात होता. परिच्छेद असा झाला: ‘धर्मानंद कोसंबी यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात असलेलं भांडण हे सिद्धार्थाच्या गृहत्यागाचं कारण मानलं (1940). त्यांचे पुत्र, इतिहासकार डी. डी. कोसंबी यांनी बौद्ध धर्माचा उदय मगधातली शेती, व्यापार आणि नवी राज्यव्यवस्था यांच्याशी जोडला (1965).’ नावं वाक्यात आली, कंसात साल राहिलं, आणि मतं कुणाची हे त्याच ओळीत कळलं.

दोन्ही लेखक ज्या परिच्छेदात एकत्र येतात, तिथे मी पूर्ण नावाचा आग्रह सोडत नाही. एखाद्या प्रकरणात एकच कोसंबी असतील, तर पहिल्या उल्लेखाला पूर्ण नाव आणि पुढे नेहमीसारखं आडनाव-साल पुरतं. मराठी लेखनात तर नावांची विभागणी लोकांनीच करून ठेवली आहे. वाचक वडिलांना ‘धर्मानंद’ म्हणून ओळखतात आणि मुलाला ‘डी. डी.’ म्हणून. तीच नावं शेवटपर्यंत ठेवावीत. मध्येच कुठे ‘दा. ध.’ आणि कुठे ‘दामोदर’ केलं, तर दोनाचे तीन कोसंबी झाल्यासारखं वाटतं.

4. सालापुढची अक्षरं एकाच लेखकासाठी असतात

सालं वेगळी असतात तोवर नोंद निदान सापडते. साल एकच आलं, की तेही जातं. 1940 हे असंच साल आहे. त्या वर्षी धर्मानंदांच्या ‘भगवान बुद्ध’चा पहिला भाग निघाला आणि त्यांनी संपादित केलेली ‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने काढली. त्याच वर्षी मुलाचा, जुन्या आहत नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकी अभ्यास करणारा लेख ‘करंट सायन्स’मध्ये आला. तिन्ही नोंदींत नाव ‘डी. डी.’ असं भरलं, तर सूची अशी छापली जाते:

```
Kosambi, D. D. (1940a). Bhagavan Buddha.
Kosambi, D. D. (1940b). A statistical study of the weights...
Kosambi, D. D. (Ed.). (1940c). Visuddhimagga.
```

एकाच साली एकाच लेखकाची अनेक कामं असली की एपीएमध्ये ती शीर्षकाच्या वर्णक्रमाने लावून अक्षरं देतात. सुरुवातीचा ‘ए’ त्यात धरत नाहीत. त्यामुळे नाण्यांवरचा मुलाचा लेख वडिलांच्या दोन पुस्तकांच्या मधोमध येऊन बसला. वाचकाला सालापुढची अक्षरं दिसली, की तो एवढंच समजतो, की लेखक एक आणि कामं तीन. अक्षरं नोंद शोधून देतात, पण सोबत एक चुकीची माहितीही देतात.

म्हणून अक्षरं माणसागणिक वेगळी द्यावीत. वरच्या सूचीचं दुरुस्त रूप असं:

```
Kosambi, D. D. [Damodar]. (1940). A statistical study...
Kosambi, D. D. [Dharmanand]. (1940a). Bhagavan Buddha.
Kosambi, D. D. [Dharmanand] (Ed.). (1940b). Visuddhimagga.
```

मुलाचं 1940 मधलं एकच काम या सूचीत असल्याने त्याला अक्षर लागत नाही. वडिलांची दोन, म्हणून त्यांना लागतं. मजकुरात मग ‘धर्मानंद कोसंबी, 1940a’ आणि ‘डी. डी. कोसंबी, 1940’ असं लिहायचं. पहिलं नाव गाळून नुसतं ‘कोसंबी, 1940’ लिहिलं, तर ते मुलाकडेच जाईल असं धरून चालू नये. वाचक तिन्ही नोंदी चाळत बसतो.

हे उघड उघड सातव्या आवृत्तीपलीकडे जाणं आहे. काही मार्गदर्शक आणि काही नियतकालिकं ते मान्य करत नाहीत. तसं झालं तर सूचीला हात लावू नये. पहिलं नाव वाक्यात आणावं आणि सूचीच्या आरंभी एक खुलासा द्यावा. तो शेवटच्या मुद्द्यात सांगते.

5. सूचीचा क्रम, रेघ आणि ‘तत्रैव’ यांवर नजर ठेवावी

आद्याक्षरं सारखी दिसली, की नोंदी सालाप्रमाणे लागतात. मग 1940 वडील, 1948 मुलगा, 1950 वडील, 1956 मुलगा अशी सरमिसळ होते. एकेका नोंदीत चूक नसते, पण सूची वाचून कुणाचं काम किती हे कळत नाही. क्रम पूर्ण नावावरून लावावा. आधी दामोदर यांची सगळी कामं सालवार, मग धर्मानंदांची सगळी सालवार. रोमन वर्णक्रमातही दामोदर आधी येतात आणि देवनागरीत ‘द’ नंतर ‘ध’ येत असल्याने इथेही तसंच. दोन लिपींत दोन क्रम करावे लागत नाहीत, ही या जोडीपुरती सोय.

त्याहून घातक असते ती रेघ. पुष्कळ मराठी ग्रंथांच्या सूचीत त्याच लेखकाचं पुढचं पुस्तक आलं, की नावाऐवजी आडवी रेघ ओढतात. सूची टंकलिखित करणाऱ्याला दोन नोंदींत ‘कोसंबी, डी. डी.’ असं सारखं दिसलं, की तो दुसऱ्या नावाच्या जागी रेघ ओढतो. त्या क्षणी मुलाचं पुस्तक वडिलांच्या नावावर जमा होतं आणि वाचकाला शंका घ्यायलाही जागा उरत नाही. चुकीच्या आद्याक्षरावर संशय येऊ शकतो. रेघ मात्र ‘लेखक तोच’ असं ठामपणे सांगते. म्हणून सारख्या नावाचे लेखक असलेल्या सूचीत मी रेघ काढायलाच लावते. प्रत्येक नोंदीत नाव पूर्ण छापायचं.

तळटीपांची पद्धत असेल तर ‘तत्रैव’ आणि ‘उनि’ तपासावे लागतात. ‘तत्रैव’ लगेच वरच्या टीपेकडे बोट दाखवतं. संपादनात मध्ये एखादी टीप घातली गेली, की ते दुसऱ्याच कोसंबींकडे वळतं. ‘कोसंबी, उनि, पृ. 112’ यात तर कोणते कोसंबी आणि कोणतं पुस्तक, दोन्ही गुलदस्त्यात राहतं. अशा ठिकाणी पहिलं नाव आणि पुस्तकाचं आखूड शीर्षक द्यावं: ‘धर्मानंद कोसंबी, भगवान बुद्ध, पृ. 112’. चार शब्द वाढतात, पण टीप स्वतःच्या पायावर उभी राहते.

6. सॉफ्टवेअरला पूर्ण नाव द्यावं, आद्याक्षरं त्याला करू द्यावीत

आता बहुतेक विद्यार्थी झोटेरोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ साठवतात. अशा सॉफ्टवेअरला माणसं माहीत नसतात, नावाच्या रकान्यातली अक्षरं तेवढी माहीत असतात. अक्षरं सारखी तर माणूस एक, अक्षरं वेगळी तर माणसं दोन, एवढंच त्याचं गणित. यातून दोन उलट्या बाजूंचे दोष निघतात.

पहिला दोष म्हणजे वडील आणि मुलगा दोघंही `D. D.` म्हणून भरलेले. सॉफ्टवेअर त्यांना एक मानतं. ओळखायची खूण म्हणजे दोघांच्या कामांना सलग दिलेली a, b, c अक्षरं. दुसरा दोष याच्या उलट. मुलाच्याच एका पुस्तकाला `D. D.`, दुसऱ्याला `D.D.`, तिसऱ्याला `Damodar D.` असं भरलेलं असतं. आता एका माणसाचे तीन झाले. खूण अशी, की ज्या प्रबंधात एकच कोसंबी आहेत, तिथेही कंसात अचानक आद्याक्षर किंवा पहिलं नाव उगवतं. नको तिथे आद्याक्षर दिसलं, की मी शैलीला दोष देत नाही, थेट नावांचे रकाने उघडते.

उपाय एकच आहे. पहिल्या नावाच्या रकान्यात सगळीकडे पूर्ण नाव, एकाच स्पेलिंगने: मुलासाठी `Damodar Dharmananda`, वडिलांसाठी `Dharmanand Damodar`. आद्याक्षरं करायचं काम शैलीच्या फायलीवर सोडावं. उलट करता येत नाही, कारण आद्याक्षरांवरून सॉफ्टवेअर पूर्ण नाव बनवू शकत नाही. शीर्षकपानावर नाव वेगळं छापलं असेल, तर ते टिपणाच्या रकान्यात लिहून ठेवावं.

शैलीची फाइल उघडता येत असेल, तर त्यात या दोन ओळी शोधाव्यात:

```
disambiguate-add-givenname="true"
givenname-disambiguation-rule="primary-name"
```

पहिली ओळ सांगते, की गोंधळ होत असेल तर पहिलं नाव जोड. दुसरी सांगते, की हे पहिल्या लेखकापुरतं कर, आणि आद्याक्षराने भागलं नाही तर पूर्ण नावापर्यंत जा. दुसऱ्या ओळीत `primary-name-with-initials` असेल, तर सॉफ्टवेअर आद्याक्षरांपाशीच थांबतं, आणि दोन्ही आद्याक्षरं सारखी असल्याने दामोदर आणि धर्मानंद वेगळे होत नाहीत. हा बदल फक्त मजकुरातल्या संदर्भांना लागू होतो. सूचीतला चौकटी कंस शेवटी हातानेच घालावा लागतो आणि तोही सूची गोठवल्यानंतर, नाहीतर पुढच्या वेळी सूची नव्याने तयार होताना तो पुसला जातो.

याच कुटुंबातलं तिसरं नाव आलं, की आणखी एक पायरी वाढते. दामोदर कोसंबींच्या कन्या मीरा कोसंबी या समाजशास्त्रज्ञ. त्यांनी धर्मानंदांच्या निवडक लेखनाचा इंग्रजी अनुवाद संपादित केला, तो 2010चा. त्या पुस्तकातल्या लेखनाचे लेखक धर्मानंद, मीरा कोसंबी अनुवादक आणि संपादक. सॉफ्टवेअरमध्ये त्यांना लेखकाच्या रकान्यात टाकलं, तर आजोबांची मतं नातीच्या नावावर छापली जातात. आणि त्यांचं स्वतःचं एखादं पुस्तक सूचीत असेल, तर एपीएच्या नियमाने सगळ्याच कोसंबींना आद्याक्षरं लागतात. एम. कोसंबी वेगळ्या होतात, दोन डी. डी. मात्र होते तिथेच राहतात. आद्याक्षरं दिसायला लागली म्हणून प्रश्न सुटला, असं समजू नये.

7. लिपी बदलताना हरवणारा फरक आधीच टिपून ठेवावा

मराठीत आद्याक्षर म्हणजे नुसतं व्यंजन नसतं, स्वरासकट पूर्ण अक्षर असतं. त्यामुळे देवनागरी सूचीत अनेक जोड्या आपोआप वेगळ्या राहतात. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे ही अशीच जोडी. धाकटे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ उजेडात आणणारे, थोरले यास्काच्या निरुक्ताचे संपादक. देवनागरीत वि. का. आणि वै. का.; कुणाचाही गोंधळ होत नाही. तीच सूची इंग्रजी प्रबंधासाठी रोमन लिपीत नेली, की दोघंही व्ही. के. राजवाडे. भाऊ असल्याने वडिलांचं नावही एकच, म्हणजे मधलं आद्याक्षर मदतीला येण्याची शक्यताच नाही.

इथे नुकसान लिप्यंतर करताना होतं आणि नंतर ते भरून काढणं कठीण असतं. रोमन सूचीवरून परत मराठी सूची करणारा ‘व्ही. के.’चं ‘वि. का.’ करतो, कारण ते नाव जास्त प्रसिद्ध. मग निरुक्ताची आवृत्तीही इतिहासाचार्यांच्या नावावर जाते. यासाठी मराठी सूची रोमनमध्ये नेण्याआधी सगळी आद्याक्षरं उलगडून पूर्ण नावं लिहून घ्यावीत, आणि लिप्यंतर त्या पूर्ण नावांचं करावं. विश्वनाथ आणि वैजनाथ एकदा लिहिले, की पुढे कुठलीही शैली येवो, फरक हाताशी असतो.

8. शेवटी एका ओळीचा खुलासा आणि एक शोध

मार्गदर्शकाने चौकटी कंस मान्य केला असो वा नसो, सूचीच्या माथ्यावर मी एक ओळ घालायला सांगते: ‘या ग्रंथात धर्मानंद दामोदर कोसंबी (1876–1947) आणि त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) या दोघांच्या लेखनाचे संदर्भ आहेत, मजकुरात पहिले ‘धर्मानंद कोसंबी’ आणि दुसरे ‘डी. डी. कोसंबी’ असे निर्दिष्ट केले आहेत.’ अशा ओळीला कुठल्याही परीक्षकाने हरकत घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

मग संगणकावर ‘कोसंबी’ हा शब्द शोधून पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक उल्लेखावर थांबायचं. देवनागरीत एकदा, रोमनमध्ये एकदा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: सूची न उघडता, याच पानावरून, हे कोण ते कळतं का? कळत नसेल तर वाक्यात पहिलं नाव घालायचं. सगळ्यांत शेवटी नामसूची पाहायची. तिथे ‘कोसंबी’ या एका नोंदीखाली सगळे पृष्ठक्रमांक एकत्र पडलेले असले, तर ते दोन नोंदींत वाटायचे. या टप्प्यावर पेन्सिलीच्या त्या ‘वडील’ आणि ‘मुलगा’ खुणा फार कामी येतात. पान उघडून पुन्हा विचार करावा लागत नाही.

हा सगळा खटाटोप दोन डी.साठी वाटेल. पण शाक्य-कोलियांच्या पाण्याच्या भांडणाचं मत कुणाचं आणि मगधाच्या अर्थकारणाचं कुणाचं, हे पुढचा अभ्यासक आपल्या प्रबंधावरूनच उतरवून घेणार असतो. तो मूळ ग्रंथापर्यंत जाईलच असं नाही. त्याच्यापर्यंत दोन अभ्यासक दोन म्हणून पोचवणं ही संदर्भ देणाऱ्याची जबाबदारी आहे. शैलीचा नियम तिथे कमी पडला, तर उरलेलं काम पूर्ण नावाने करावं.